जमिनीच्या जाहिरातीतला फोटो खरा की एडिट केलेला? कुंपण, हिरवळ आणि गायब टॉवर असे तपासा

'नवापूरजवळ दोन एकर जमीन, हायवे टच, तारेचं कुंपण, भरपूर पाणी.' अशी जाहिरात फेसबुकवर येते, सोबत तीन-चार फोटो असतात. लांबच्या शहरात राहणारा माणूस अनेकदा तेवढ्यावरच विसार पाठवून मोकळा होतो. पण फोटोत कुंपण वाढवणं, गवत हिरवं करणं किंवा नको ती वस्तू पुसणं आता मोबाइलवर काही मिनिटांत होतं.

समजा, या जाहिरातीतला फोटो मार्चमधला असल्याचं सांगितलंय. समोर हिरवंगार गवत, कडेने खांबांची रांग, मागे फुललेला पळस आणि वर मोकळं आकाश. हा काल्पनिक फोटो कसा तपासायचा ते पाहू.

आधी मूळ फाइल मागा

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते आणि फोटो कधी, कुठे काढला ही माहिती निघून जाते. म्हणून विकणाऱ्याला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. अर्थात ही माहितीही बदलता येते, त्यामुळे ती पुरावा नाही. पण मूळ फाइलमध्ये बारकावे स्पष्ट दिसतात आणि पुढची तपासणी सोपी होते.

कुंपणाचे खांब मोजा

कुंपण लांबवण्यासाठी फोटोतलाच एक तुकडा उचलून पुढे चिकटवतात. त्याला क्लोनिंग म्हणतात. फोटो मोठा करून प्रत्येक खांबाचं बूड पाहा. एका खांबाजवळचा दगड, त्यालगतचा गवताचा झुपका आणि तारेतला बाक, हे तिन्ही दुसऱ्या खांबाजवळ तसेच्या तसे दिसले तर तुकडा चिकटवलेला असण्याची दाट शक्यता आहे. एकच साम्य पुरेसं नाही, कारण सिमेंटचे खांब एकाच साच्यातले असतात.

दुसरी खूण अंतराची. लांब जाणाऱ्या रांगेत खांब लहान होत जातात आणि त्यांच्यातलं अंतरही कमी दिसतं. चिकटवलेले खांब बऱ्याचदा एकाच उंचीचे राहतात.

हिरवळ ऋतूला विचारा

पळस फुलतो तेव्हा त्याची पानं गळालेली असतात आणि नवापूर परिसरातल्या कोरडवाहू जमिनीवरचं गवत वाळलेलं असतं. त्यामुळे फुललेला पळस आणि पावसाळ्यासारखं गवत एकाच फोटोत दिसलं तर प्रश्न विचारायलाच हवा. शेताला पाणी दिलं असेल तर हे शक्य आहे. मग विहीर किंवा बोअर कुठे आहे?

याची पडताळणी उपग्रहाच्या चित्रांवरून होते. browser.dataspace.copernicus.eu या संकेतस्थळावर युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं मोफत पाहता येतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 बाय 10 मीटरचा चौकोन, साधारण एक गुंठा. म्हणजे दोन एकरांचे सुमारे 80 ठिपके दिसतात. कुंपण दिसणार नाही, पण त्या मार्चमध्ये शेत हिरवं होतं की तपकिरी हे कळतं. पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून ऑक्टोबर ते मे या काळातली चित्रं पाहा.

पुसलेल्या वस्तूची सावली शोधा

विजेचा टॉवर, शेजारचं घर किंवा अतिक्रमणातली झोपडी पुसली जाते, पण तिची सावली कधीकधी राहून जाते. जमिनीवर सावली आहे आणि ती पाडणारं काहीच नाही, किंवा विजेच्या तारा आकाशात मध्येच संपतात, असं काही दिसतंय का ते पाहा. पुसलेल्या जागी आकाश किंवा गवत थोडं गुळगुळीत, धुवट दिसतं.

मग गूगल अर्थ उघडा आणि घड्याळाच्या चिन्हावरून जुनी चित्रं पाहा. टॉवर वरून ओळखू आला नाही, तरी त्याची लांब सावली बऱ्याचदा दिसते. हे महत्त्वाचं आहे, कारण उच्चदाबाच्या वाहिनीखाली बांधकामावर निर्बंध असतात. एखाद्या गावाची चित्रं जुनी असू शकतात, म्हणून चित्राखालची तारीख आधी वाचा.

फोटो खरा निघाला, तरी कुंपण म्हणजे हद्द नव्हे

विकणाऱ्याकडून गट नंबर घ्या. mahabhunakasha.mahabhumi.gov.in वर त्या गटाचा आकार दिसतो, तो उपग्रहचित्राशी जुळवा. bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा पाहा. त्यातल्या गाव नमुना 12 मध्ये पीक, पड जमीन आणि सिंचनाचं साधन यांच्या नोंदी असतात. फोटोत बागायत आणि नोंदीत सलग पड, असं असेल तर खुलासा मागा.

शंका उरलीच तर विकणाऱ्याला शेताच्या चारही कोपऱ्यांवरून व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि प्रत्येक कोपऱ्याचं लाइव्ह लोकेशन घ्या. अंतिम हद्द मात्र भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीतूनच ठरते. तोपर्यंत विसार देऊ नका.