नाकारलेला प्रवेश आणि पालकाचे पत्र

समजा, इंदुरातील एका रिक्षाचालकाच्या मुलीचे नाव सोडतीत निघाले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 सालचा. त्याच्या कलम 12 अन्वये खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातील किमान 25 टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्यावयाच्या असतात. वाटपाचे पत्र घेऊन बाप शाळेत गेला. तेथे कारकुनाने सांगितले, "जागा भरल्या. शिवाय सरकारकडून मागची रक्कमच आलेली नाही."

बाप घरी येऊन शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहावयास बसतो, आणि बहुधा लिहितो, "गरिबाच्या मुलीवर अन्याय झाला आहे, साहेबांनी दया करावी." पत्र मनापासूनचे खरे, पण त्यावर अधिकारी करणार काय? कोणती शाळा, कोणता दिवस, कोण काय बोलले, हे त्यात नाहीच. आणि येथे दयेचा प्रश्नही नाही.

उपयोगी पत्र साधे असते. आरंभी मुलीचे नाव, जन्मतारीख, अर्जाचा क्रमांक आणि वाटप झालेल्या शाळेचे नाव. मग घडलेली हकिगत: अमुक तारखेला, अमुक वाजता पालक शाळेत गेले, कार्यालयातील अमुक हुद्द्याच्या व्यक्तीने प्रवेश नाकारला, लेखी कारण मागितले, ते दिले नाही. तोंडी नकार पुढे सहज नाकबूल होतो, म्हणून ही नोंद त्याच दिवशी करावी.

यानंतर शाळेच्या दोन सबबींचे उत्तर. सोडतीतूनच नाव आले असल्यास ती जागा वाटपासाठी खुली होती, हे वाटपाचे पत्रच सांगते. दुसरी सबब पैशांची. कलम 12 प्रमाणे शासन शाळेस खर्चाची ठराविक भरपाई देते. ती थकली असेल तर तो वाद शाळा आणि शासन यांचा. त्यापायी मुलीस परत पाठविण्याची मुभा कायद्यात नाही. देणगी मागितली असेल, तर रकमेसह तेही लिहावे. कलम 13 प्रमाणे तो दंडनीय अपराध आहे.

एक अडचण मात्र आधी पाहावी. अल्पसंख्याकांच्या शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने या कायद्याबाहेर राहिल्या. शाळा तशी असेल, तर पत्रात दुसऱ्या शाळेची मागणी करणेच बरे.

कलम 32 प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करावयाची असून तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयाचा असतो. म्हणून एक प्रत महापालिकेकडेही द्यावी. परंतु तीन महिन्यांत अर्धे सत्र उलटते. यास्तव पत्राच्या शेवटी स्पष्ट मागावे की, प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी शाळेस आदेश द्यावा आणि तोवर जागा राखून ठेवावी. निर्णय विरुद्ध गेला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. त्या वेळी पहिला प्रश्न पोहोचेचा येतो. तेव्हा आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घेतल्याखेरीज पालकाने कचेरीतून निघू नये.