जे वितळलंच नाही, तेच कडक झालं

प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक घेणाऱ्या मॅडमना एका विद्यार्थ्याची ईमेल येते: ‘मॅडम, ईएन-८ च्या वेल्ड केलेल्या नमुन्यावर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर विकर्स ठसे घेतले. मूळ पट्टीत १९८, २०१, १९६ असं येत होतं. पुढचाच ठसा ४२७, मग ५२०, आणि वेल्डमध्ये शिरल्यावर पुन्हा २४०. मशीन बिघडलंय का? ते दोन आकडे गाळून ग्राफ काढू?’

गाळायचे? अख्ख्या नमुन्यात बघण्यासारखं तेवढंच तर आहे!

शंका मात्र रास्त आहे, म्हणून आधी तिचा निकाल लावू. विकर्समध्ये हिऱ्याचं टोक, इथे १ किलो भाराने, दाबतात आणि उमटलेल्या चौकोनी ठशाचा कर्ण मोजतात. कडकपणा २०० असेल तर कर्ण साधारण ०.०९६ मिमी भरतो. ५२० ला जेमतेम ०.०६. वाचताना ०.००३ मिमीची चूक झाली तरी ५२० चे फार तर ४७० होतील, २०० नाही. प्रमाणित ठोकळ्यावर एक ठसा घेतला की मशीनचाही खुलासा होतो.

मग हे आकडे आले कुठून? गंमत अशी की सर्वात कडक जागा वितळलेल्या वेल्डमध्ये नाही; ती त्याला खेटून असलेल्या, न वितळलेल्या पट्टीत आहे. ईएन-८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. साधारण ७३० अंशांच्या वर लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात आणि त्या नव्या मांडणीत कार्बन सहज विरघळतो. आर्क पुढे सरकला की आजूबाजूची थंड पट्टी काही सेकंदांत ती उष्णता ओढून घेते. कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, जाळी ताणली जाते आणि तयार होतं मार्टेन्साइट. वेल्डही झपाट्याने निवतो, पण त्यात मुख्यतः कमी कार्बनची तार वितळलेली असते. अडकायला फारसं काही नसतंच.

आणि उडी इतकी अचानक का? कारण ७३० ची रेषा एखाद्या उंबरठ्यासारखी आहे. १९६ चा ठसा तिच्या अलीकडे राहिला, म्हणून तिथलं पोलाद जसंच्या तसं. ४२७ ची जागा रेषा ओलांडून थोडीच पुढे गेली. तिथे अर्धवट बदल झाला.

नमुना नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक आम्लात, बुडवला की हाच पट्टा नुसत्या डोळ्यांनाही वेगळा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात सुयांसारखी रचना दिसते.

१० किलोचा भार घेतला असता, तर मऊ भागातले ठसेच ०.३ मिमीचे झाले असते. ते निदान तिप्पट अंतरावर घ्यावे लागतात, त्यामुळे हा अरुंद पट्टा एखाद्याच ठशात संपला असता.

३५० च्या पुढचा कडकपणा वेल्डरला नको असतो. वेल्डमध्ये शिरलेला हायड्रोजन अशा पट्ट्याला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही तडा देतो. तेव्हा मॅडमचं उत्तर असं असावं: आकडे ठेव, मधल्या जागेत तिरक्या ओळीत आणखी ठसे घे आणि दुसरी पट्टी २०० अंशांपर्यंत तापवून वेल्ड कर. ती सावकाश निवेल. ५२० चं शिखर किती खाली येतं ते त्याच ग्राफवर काढ.