निदान नको, नोंद हवी

"ही मुलगी नैराश्यात आहे, कृपया बघा." वर्गशिक्षिकेने समुपदेशकांना लिहिलेल्या अशा एका ओळीच्या चिठ्ठीत काळजी असते, पण माहिती नसते. मूल गप्प होण्यामागे कमी ऐकू येणं, अपुरी झोप, घरातलं आजारपण किंवा मुलांकडून होणारा छळ असं काहीही असू शकतं. नैराश्यही असू शकतं, पण ते ठरवणं शिक्षकाचं काम नाही. शिवाय तो शब्द एकदा कागदावर आला की वाचणारा प्रत्येक जण तेच शोधू लागतो. शिक्षकाजवळ मात्र समुपदेशकांकडे नसलेली एक गोष्ट असते. त्याच मुलाला त्याने महिनोन्महिने रोज पाहिलेलं असतं. पत्रात तेच उतरायला हवं.

आठवीतल्या एका मुलीचं कल्पित उदाहरण घेऊ. तिच्या वर्गशिक्षिकेचं पत्र असं असू शकेल:

"मॅडम, सप्रेम नमस्कार. आठवीतल्या हजेरी क्रमांक 17 च्या विद्यार्थिनीबद्दल लिहीत आहे. दिवाळीपर्यंत ती दुसऱ्या बाकावर बसायची, इतिहासाच्या तासाला स्वतःहून हात वर करायची आणि मधल्या सुट्टीत खो-खो खेळायची. शाळा पुन्हा सुरू झाल्यापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, ती शेवटच्या बाकावर बसते. या काळात माझ्या तासाला तिने एकदाही हात वर केलेला नाही. मी विचारलं तर एका शब्दात उत्तर देते आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतं. मधली सुट्टी ती वाचनालयात काढते. गेल्या आठवड्यात तीन दिवस मी लक्ष ठेवलं. तिन्ही दिवस तिने डबा उघडला नाही. पूर्वी शाळा सुटताच मैत्रिणींबरोबर निघायची, आता मैदान रिकामं होईपर्यंत थांबते. चित्रकलेच्या तासाला मात्र ती पूर्वीसारखीच रमते, असं चित्रकलेच्या सरांनी सांगितलं. गुरुवारी मी तिला एकटीला गाठून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, 'काही नाही बाई, मला इथेच बसायचंय.' तिच्या घरी मी अजून बोललेले नाही. आपण तिला भेटावं ही विनंती. तोवर मी तिला पुढच्या बाकावर बोलावू की आहे तिथेच बसू देऊ, हेही कळवावं."

या पत्रात एकही निष्कर्ष नाही, तरी समुपदेशकांना त्यातून बरंच मिळतं. आधी काय होतं ते लिहिल्यामुळे बदल कळतो. मूळचीच अबोल असलेली मुलगी आणि अबोल झालेली मुलगी यांत फरक आहे. उत्तरं बरोबर येतात, म्हणजे तिचं शिकवण्याकडे लक्ष असावं. शाळा सुटल्यावर ती रेंगाळते, म्हणून घरी जाण्याच्या वाटेबद्दल, सोबतच्या मुलींबद्दल आणि घराबद्दलही हळुवार विचारता येईल. जे बदललेलं नाही तेही तितकंच मोलाचं असतं. पहिली भेट चित्रांच्या गप्पांनी सुरू होऊ शकते. सरांकडून कळलेलं सरांच्या नावावर आहे आणि मुलीचं बोलणं तिच्याच शब्दांत आहे, त्यामुळे ऐकलेलं आणि पाहिलेलं यांची सरमिसळ होत नाही.

पत्र बिघडतं ते बहुधा विशेषणांनी. 'हट्टी झाली आहे', 'नाटक करते', 'घरचे लक्ष देत नाहीत' ही आपली मतं असतात. 'नेहमी' आणि 'कधीच' यांच्या जागी किती वेळा, कोणत्या तासाला, कधीपासून हे लिहावं. प्रत्येक वाक्याची एक सोपी कसोटी आहे: वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या शिक्षकालाही हेच दिसलं असतं का? 'उदास असते' हे वाक्य या कसोटीवर टिकत नाही, 'डबा उघडला नाही' हे टिकतं.

काही वेळा मात्र पत्र लिहीत बसू नये. मूल मरणाबद्दल बोललं किंवा त्याने स्वतःला केलेल्या जखमा दिसल्या, तर त्याला एकटं न सोडता त्याच क्षणी समुपदेशक आणि मुख्याध्यापकांना गाठावं. 'टेली-मानस'च्या 14416 या क्रमांकावरही मदत मिळते. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकांना पत्र दिल्याने ती जबाबदारी संपत नाही.

एरवी पत्र बंद पाकिटातून, हातोहात द्यावं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर किंवा शिक्षक-खोलीत त्याची चर्चा नको. त्याची एक प्रत स्वतःजवळ कुलपात ठेवावी. भेटी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बाक, हात, डबा आणि शाळा सुटण्याची वेळ याच गोष्टी पुन्हा पाहून लिहाव्यात. दोन्ही कागद शेजारी ठेवले की काय सुटलं आणि काय अजून अडलेलं आहे, हे अंदाजावर सोडावं लागत नाही.