अंगात अजून किती शिल्लक?

सोमवारी ८० किलोचा बारबेल खांद्यावर घेऊन पाच स्क्वॅट आरामात निघतात. गुरुवारी तेच ८० किलो तिसऱ्या रेपला जड होतात आणि चौथ्याला मांड्या थरथरतात. वजन तेच, माणूस तोच, जिमही तीच. मधल्या तीन दिवसांत एक रात्र जागून काढलेली असते, एक दिवस जेवणाची वेळ चुकलेली असते आणि दोन दिवस ऑफिसातून निघायला उशीर झालेला असतो. बारवर आज किती किलो चढवायचे, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तेवढा सोपा नाही.

बहुतेक जिममध्ये याचं उत्तर टक्केवारीने काढतात. एकदाच उचलता येईल असं कमाल वजन शोधायचं, त्याला वन रेप मॅक्स म्हणायचं, आणि तक्त्यात लिहायचं की पुढचे आठ आठवडे त्याच्या ८० टक्क्यांवर पाच-पाच रेप्स. हिशेब चोख दिसतो, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे तीन महिन्यांपूर्वी मोजलेली ताकद आजही तेवढीच आहे. दुसरी म्हणजे ठरावीक टक्क्यांना प्रत्येकाचे रेप्स सारखेच निघतात. प्रत्यक्षात कमाल वजनाच्या ८० टक्क्यांवर एकाचे सहा रेप्स निघतात, तर दुसऱ्याचे दहा. पहिल्याला पाचचा सेट दमवतो, दुसऱ्याला तो जेमतेम वॉर्मअप वाटतो.

या अडचणीवरचा उपाय एका प्रश्नात आहे. सेट संपल्यावर स्वतःला विचारायचं, अजून किती निघाले असते? उरलेल्या या रेप्सना इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आरआयआर म्हणतात, आणि त्यावरून मेहनतीला दिलेल्या गुणांना आरपीई.

आरपीई मूळचं वजन उचलणाऱ्यांचं नव्हे. गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात श्रमाची जाणीव मोजण्यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी बनवली. आकडे ६ पासून सुरू होण्याला कारण होतं. निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की त्याच्या नाडीच्या ठोक्यांचा साधारण अंदाज यावा, अशी ती रचना होती. सायकल चालवणाऱ्याला आणि धावणाऱ्याला ती लागू पडते. पण पाच रेप्सच्या जड सेटमध्ये दम लागण्याआधीच स्नायू हात टेकतात, त्यामुळे तिथे नाडीचा हिशेब उपयोगाचा नाही. अमेरिकन पॉवरलिफ्टर माइक टशेरर यांनी २००८च्या सुमारास दहाची पट्टी घेऊन तिला उरलेल्या रेप्सचा अर्थ दिला आणि पॉवरलिफ्टिंगमध्ये ती रुजवली. २००९ साली तैवानमधल्या काओशुंगच्या वर्ल्ड गेम्समध्ये त्यांनी सुवर्णपदकही जिंकलं.

पट्टी समजायला दोन मिनिटं पुरतात. सेटनंतर एकही रेप निघाला नसता तर आरपीई १०. एक निघाला असता तर ९, दोन निघाले असते तर ८, तीन तर ७. एक नक्की आणि कदाचित दोन, असं वाटलं तर साडेआठ लिहायचं. पाचच्या खाली फार बारकाईने मोजण्यात अर्थ नसतो. ते वजन हलकं होतं एवढंच कळतं.

वजन निवडण्याची खरी किल्ली एका बेरजेत आहे. पाच रेप्स मारले आणि दोन शिल्लक राहिले, म्हणजे ते वजन सात वेळा उचलता येण्यासारखं आहे. साधारणपणे सात वेळा उचलता येणारं वजन कमाल वजनाच्या ८१ टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे ‘पाच रेप्स, आरपीई ८’ या सूचनेतही टक्केवारी दडलेली आहेच, फक्त ती तीन महिन्यांपूर्वीच्या नव्हे, आजच्या ताकदीची आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. समजा, नाशिकमध्ये बँकेत काम करणारा चौतिशीतला एक माणूस दोन वर्षं नियमित जिमला जातो आणि स्क्वॅटमध्ये त्याचं कमाल वजन मागे कधीतरी १०० किलो भरलं होतं. आज पाच-पाच रेप्सचे चार सेट, दोन रेप्स शिल्लक ठेवून करायचे आहेत. तो रिकाम्या २० किलोच्या बारवर आठ रेप्स करतो, मग ४० किलोवर पाच, ५५ वर तीन, ६५ वर दोन आणि साडेबहात्तरवर एक. हे वॉर्मअप असलं तरी अंदाज इथूनच बांधायचा असतो. साडेबहात्तरचा एक रेप खालून झटकन वर आला, तर दिवस बरा आहे. मग तो साडेसत्याहत्तर किलो लावून पाच मारतो आणि वहीत लिहितो: तीन शिल्लक, आरपीई ७.

हवा होता ८. आरपीईचा एक गुण म्हणजे कमाल वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के, इथे अडीच-तीन किलो. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढते आणि बार ८० किलोचा होतो. दुसरा सेट पाचचा, दोन शिल्लक, बेत जमला. साडेतीन मिनिटं विश्रांती घेऊन तिसरा सेट त्याच वजनावर होतो, पण आता एकच शिल्लक राहतो. थकवा साचला. चौथ्या सेटला तो हट्ट न करता ७५ किलोवर येतो आणि पुन्हा दोन शिल्लक ठेवून थांबतो. मेहनत चारही सेटना जवळपास तेवढीच राहिली, बारवरचे किलो मात्र बदलत गेले.

आता तोच माणूस जागरणानंतरच्या गुरुवारी. वॉर्मअपमधले ६५ किलोच मंद उठतात. तो साडेबहात्तरवर पाच मारतो आणि दोनच शिल्लक राहतात. म्हणजे आजचं सातचं वजन साडेबहात्तर, आणि त्यावरून आजचं कमाल वजन जेमतेम ९० किलो. तक्त्याचं ऐकून त्याने ८० चढवले असते, तर पाचवा रेप बहुधा निघालाच नसता. आज तो साडेबहात्तरवरच थांबतो, आणि ठरल्याएवढं काम त्याच्याकडून होतं.

मोठ्या अडचणीची जागा हिशेबात नसून जाणिवेत आहे. ‘दोन शिल्लक’ म्हणणाऱ्याचे खरोखर दोनच शिल्लक होते का? मायकेल झोरडोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुभवी आणि नवशिक्या लोकांना स्क्वॅटमध्ये कमाल वजन उचलायला लावलं. अनुभवी मंडळींनी त्या एका रेपला सरासरी ९.८ गुण दिले, नवशिक्यांनी ९ च्या जवळपास. उचललेलं वजन कमाल होतं, तरी नवख्यांना वाटत होतं की अजून थोडं बाकी आहे.

याच गटाचा २०१९चा प्रयोग आणखी बोलका आहे. कमाल वजनाच्या ७० टक्क्यांवर लोकांना दमेपर्यंत स्क्वॅट करायला लावले आणि चालू सेटमध्येच सांगायला लावलं की आता पाच, आता सात, आता नऊ. त्यांचे सरासरी १६ रेप्स निघाले. आरपीई ५ सांगताना अंदाज सरासरी पाच रेप्सनी चुकला, ७ सांगताना साडेतीनच्या थोडा वर, ९ सांगताना दोनने. शेवट जवळ आला की शरीर बरोबर सांगतं, लांब असला की अंधारात चाचपडतं. म्हणूनच ही पद्धत एक ते तीन रेप्स शिल्लक ठेवणाऱ्या, आठ-दहा रेप्सच्या आतल्या सेटना चांगली लागू पडते. वीस रेप्सच्या सेटमध्ये मांड्या जळतात, छाती भात्यासारखी हलते आणि माणूस त्या जळजळीलाच शेवट समजतो.

नेम शिकण्याचा एकच रस्ता आहे: अंदाज सांगायचा आणि लगेच तो तपासायचा. लेग प्रेससारख्या सुरक्षित मशीनवर आठ रेप्स झाले की मनात म्हणायचं, ‘अजून दोन’, आणि मग खरंच निघेनात तोवर मारायचे. पाच निघाले, तर आपण स्वतःला तीन रेप्सनी कमी लेखतो हे कळलं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, त्या व्यायामाच्या शेवटच्या सेटला हे केलं तरी पुरतं. जड स्क्वॅटवर किंवा बेंच प्रेसवर ही परीक्षा घ्यायची असेल तर रॅकच्या सेफ्टी पिन लावलेल्या हव्यात, किंवा डोक्याशी जाणता स्पॉटर उभा हवा. एकट्याने ती घेऊ नये.

दुसरा साक्षीदार बाहेरून मिळतो, तो म्हणजे बारचा वेग. मोबाइल प्लेटच्या उंचीवर बाजूला ठेवून सेटचं चित्रीकरण केलं तर दिसतं की पहिले तीन रेप्स एकाच लयीत वर जातात, चौथा थोडा रेंगाळतो. वर जाण्याचा जोर पुरा लावलेला असूनही पाचवा मांडी आडवी झाल्याच्या जरा वर, मध्येच क्षणभर थबकून मग सुटला, तर तो सेट आठचा नव्हता. नऊ, कदाचित साडेनऊ. पाठ गोल झाली किंवा टाचा उचलल्या, तर गुणांचा प्रश्नच उरत नाही, वजन उतरवायचं.

तिसरी खूण पुढच्या सेटमध्ये सापडते. कोणी ८० किलोवर पाच मारून वहीत ‘८’ लिहिलं आणि तीन मिनिटांनी त्याच वजनावर त्याचे तीनच निघाले, तर पहिला सेट दहाचा होता. मित्र बघत असताना ही चूक जास्त होते. उलट टोकही असतं: चारही सेट ‘८’, महिनाभर एकच वजन, आणि प्रत्येक रेप सारखाच चपळ. तिथे शिल्लक दोन नसून चार-पाच असण्याची शक्यता जास्त.

काही मर्यादा मान्यच करायला हव्यात. पहिले दोन-तीन महिने हालचालच घट्ट बसलेली नसते, तेव्हा ठरलेलं वजन, ठरलेले रेप्स आणि आठवड्याला छोटी वाढ हाच मार्ग सोपा. गुण लिहावेत ते फक्त सरावासाठी. डेडलिफ्टमध्ये कधी पाय-पाठीत दोन रेप्स उरतात, पण हाताची पकडच सुटते; मग नोंदीत तसं लिहावं. गुडघ्यात कळ येणं हा श्रम नव्हे, तिला आरपीईचे गुण नसतात, तिथे सेट थांबवायचा. आणि जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट नसतील तर पाच किलोंची उडी मारण्यापेक्षा त्याच वजनावर एक रेप वाढवणं बरं.

वही मात्र प्रत्येकाकडे हवी. वजन, रेप्स आणि शिल्लक, हे तीन आकडे सेट संपल्याबरोबर, प्लेटला हात लावण्याआधी लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेला आकडा एव्हाना बदललेला असतो.