आकड्यांच्या रकान्यात नेमका कोणता कीबोर्ड?

ज्येष्ठ नागरिकांच्या निवृत्तिवेतन योजनेचा एखादा ऑनलाइन अर्ज डोळ्यांसमोर आणा. त्यात आधार क्रमांकाचे 12 आकडे, मोबाइलचे 10, ओटीपीचे 6, पिनकोडचे 6 आणि जन्मतारखेचे 8, असे एकूण 42 आकडे भरायचे असतात. रकान्यावर बोट ठेवलं आणि अक्षरांचा कीबोर्ड उघडला, तर दर वेळी आधी ‘123’ची कळ दाबावी लागते. त्यानंतर मिळणाऱ्या पानावर दहा आकडे एकाच ओळीत दाटीवाटीने बसलेले असतात. आकड्यांच्या खास कीबोर्डवर एका ओळीत तीनच कळा असल्याने प्रत्येक कळ साधारण तिप्पट रुंद होते. सत्तरीतल्या बोटाला हा फरक लगेच जाणवतो. म्हणून कोणत्या रकान्यात काय उघडावं हे ठरवणं फॉर्म बनवणाऱ्याचंच काम आहे. पण त्याबाबत काही गैरसमज इतके पक्के बसलेत की चांगल्या मनाने केलेला बदलही भरणाऱ्याला त्रास देऊन जातो.

गैरसमज: आकडेच भरायचे आहेत, म्हणजे `type="number"` लावायचं.

वस्तुस्थिती अशी की `number` हा प्रकार ज्यांची बेरीज-वजाबाकी होऊ शकते अशा संख्यांसाठी आहे. आधार क्रमांकात एक मिळवून काहीच हाती लागत नाही. तो आकड्यांनी लिहिलेला मजकूर आहे. पिनकोड आणि ओटीपीचंही तेच. एचटीएमएलच्या प्रमाणकातच म्हटलं आहे की कार्ड क्रमांक किंवा टपालाचा कोड यांसाठी हा प्रकार योग्य नाही.

तरीही तो लावला तर काय होतं? एक म्हणजे, `maxlength` या प्रकाराला लागूच होत नाही, त्यामुळे सहा आकड्यांच्या रकान्यात आठ आकडेही जातात. दुसरं, `e` हे अक्षर चालतं, कारण मोठ्या संख्या 2e5 अशाही लिहितात. कुणाकडून चुकून ‘12e’ पडलं, तर रकान्यात ते दिसत राहतं, पण प्रोग्रामच्या हाती रिकामी ओळ येते. मग भरणाऱ्याला ‘हा रकाना भरा’ असा संदेश दिसतो आणि त्याला तर रकाना भरलेलाच दिसत असतो. तिसरं, ओटीपी 048213 असेल आणि प्रोग्रामने तो संख्या म्हणून घेतला, तर पुढचं शून्य गळून 48213 उरतं. संगणकावर आणखी एक धोका असतो. रकान्यात कर्सर असताना माउसचं चाक फिरलं की काही ब्राउझरांत आकडा गुपचूप बदलतो. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांची रचना ठरवणाऱ्या चमूने 2020 मध्ये अशाच कारणांमुळे आपली शिफारस बदलली आणि `number`च्या जागी पुढची पद्धत आणली:

```html
<input type="text" inputmode="numeric" name="pin"
       autocomplete="postal-code">
```

यातला `type` मजकुराचाच आहे आणि कीबोर्ड मात्र आकड्यांचा येतो. मोबाइल क्रमांकासाठी `type="tel"` सरळ वापरावं, त्याने डायल करायचा कीबोर्ड उघडतो आणि त्यावर ‘+’ मिळतो. रुपये-पैसे भरायचे असतील तर `inputmode="decimal"` लागतं, कारण आयफोनच्या `numeric` कीबोर्डवर दशांश चिन्हच नसतं.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. `inputmode` फक्त कीबोर्ड सुचवतो, तपासणी करत नाही. संगणकावर किंवा चिकटवलेल्या मजकुरातून अक्षरं येऊ शकतात, तेव्हा तपासणी वेगळी करावीच लागते.

गैरसमज: कॅलेंडर दिलं की जन्मतारीख भरणं सोपं होतं.

पुढच्या आठवड्यातली भेट ठरवायला कॅलेंडर उत्तम, कारण वार दिसतो आणि तारीख जवळच असते. जन्मतारखेचं तसं नाही. ती माणसाला तोंडपाठ असते. कॅलेंडर आजच्या महिन्यावर उघडतं आणि 1955 साली जन्मलेल्या माणसाने बाणाने मागे जायचं ठरवलं, तर सातशेहून अधिक वेळा टॅप करावं लागेल. वरच्या सालावर टॅप केलं की वर्षांची यादी उघडते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. त्यापेक्षा दिवस, महिना आणि वर्ष असे तीन साधे रकाने आणि तिन्हींना `inputmode="numeric"` दिलं की आठ आकड्यांत काम संपतं.

गैरसमज: सुरक्षेसाठी `autocomplete="off"` सगळीकडे लावलेलं बरं.

नाव, पत्ता, मोबाइल या गोष्टी फोनमध्ये आधीच साठवलेल्या असतात. कोणत्या रकान्यात काय येणार हे ब्राउझरला सांगितलं, तर दहा आकड्यांचं काम एका टॅपवर येतं. सांगितलं नाही, तर ब्राउझर रकान्याच्या नावावरून आणि लेबलवरून अंदाज बांधतो आणि कधी गावाच्या जागी आडनाव बसवतो. हे टाळायला ठरलेले शब्द आहेत: `name`, `tel`, `street-address`, `postal-code`, `bday-day` वगैरे. रकान्याआधी +91 छापलेलं असेल तर `tel` ऐवजी `tel-national` वापरावं, नाहीतर देशाचा कोड दोनदा येतो.

ओटीपीसाठी `one-time-code` हा शब्द आहे. तो लावला की आयफोनवर संदेश येताच कीबोर्डच्या वर कोड दिसतो आणि एका टॅपने बसतो. संदेशाच्या शेवटच्या ओळीत संकेतस्थळाचं नाव आणि कोड ठरलेल्या साच्यात दिला, तर तो कोड कुठल्या संकेतस्थळासाठी आहे हेही ब्राउझरला कळतं:

```
@example.com #048213
```

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये WebOTP ही सोय हाच साचा वाचते, फक्त तिथे थोडा प्रोग्राम लिहावा लागतो. भारतात ही ओळ आज मनात आली आणि उद्या घातली असं होत नाही, कारण एसएमएसचं टेम्प्लेट डीएलटी नोंदणीत आधी मंजूर करून घ्यावं लागतं. शिवाय देवनागरी मजकुराच्या एका एसएमएसमध्ये 70 अक्षरचिन्हंच मावतात. मराठी मजकूर आटोपशीर ठेवला नाही, तर या ओळीमुळे एका एसएमएसचे दोन होतात आणि खर्च वाढतो. टेम्प्लेट मंजुरीला पाठवतानाच ही ओळ त्यात असावी.

आणि ओटीपीसाठी सहा वेगवेगळ्या चौकटी करू नयेत. दिसायला त्या छान दिसतात, पण आपोआप येणारा कोड पहिल्या चौकटीत अडकतो, चिकटवलेला कोड फुटतो आणि चुकलेला आकडा खोडताना कर्सर मागे जात नाही. रकाना एकच ठेवून आकड्यांमधलं अंतर सजावटीने वाढवता येतं.

मग `off` कधीच लावायचं नाही का? लावायचं, आणि आपल्या अर्जात तर नक्कीच. असे अर्ज पुष्कळदा गावातल्या सेवा केंद्रावर भरले जातात. तिथल्या सामायिक संगणकाने आधार क्रमांक लक्षात ठेवला, तर पुढच्या माणसाला तो यादीत दिसतो. त्या रकान्याला `off` हवंच. दुसरी अडचण अशी की आईचा अर्ज मुलगा स्वतःच्या फोनवर भरतो, तेव्हा `tel` लावलेल्या रकान्यात मुलाचा नंबर सुचवला जातो आणि तो सहज पुढेही जातो. वर सांगितलेले शब्द भरणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीसाठी आहेत. म्हणून ‘अर्ज स्वतःसाठी भरत आहात की दुसऱ्यासाठी?’ हा प्रश्न आधी विचारावा आणि दुसऱ्यासाठी असेल तर अर्जदाराच्या रकान्यांवरून ते शब्द काढून टाकावेत. एका प्रश्नाचा हा टॅप वाढला तरी हरकत नाही, कारण चुकीच्या नंबरवर हप्त्याचा संदेश जाण्यापेक्षा तो परवडतो.

गैरसमज: मास्क जितका कडक, तितक्या चुका कमी.

मास्क म्हणजे टाइप करतानाच मजकुराला ठरलेल्या साच्यात बसवणारा प्रोग्राम. चार आकडे झाले की तो मोकळी जागा सोडतो, अक्षर आलं की गिळतो. सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच झालेलं पाहिलं आहे.

पहिलं कारण समजायला आधार क्रमांकाचंच पाहू. कार्डावर तो चार-चार आकड्यांच्या तीन गटांत छापलेला असतो. मुलीने आईचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर तसाच, मोकळ्या जागांसह पाठवला: 2345 6789 0123. आईने तो कॉपी केला. रकान्याला `maxlength="12"` आहे. मोकळ्या जागा धरून हा मजकूर 14 चिन्हांचा होतो, त्यामुळे शेवटची दोन गळतात आणि ‘2345 6789 01’ उरतं. त्यातल्या मोकळ्या जागा मास्कने काढल्या की दहा आकडे राहतात. ‘आधार क्रमांक 12 आकडी हवा’ असा संदेश येतो, तेव्हा दोन आकडे आपल्याच फॉर्मने कापले हे आईला कळायला काही मार्ग नसतो. 411 030 असा लिहिलेला पिनकोड `maxlength="6"`च्या रकान्यात चिकटवला की अगदी हेच होतं.

दुसरं कारण अँड्रॉइडच्या कीबोर्डांशी जोडलेलं आहे. जुने मास्क कोणती कळ दाबली हे `keydown`मधल्या `keyCode`वरून ओळखतात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये मात्र स्क्रीनवरच्या कीबोर्डची बहुतेक प्रत्येक कळ 229 असा एकच आकडा देते. त्यामुळे मास्कला कळ ओळखता येत नाही. मग आकडा दोनदा उमटतो किंवा मधला आकडा दुरुस्त करताना कर्सर उडी मारून शेवटी जातो. विकसकाच्या संगणकावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं टिकते.

तिसरं कारण मराठीत लिहिणाऱ्यांचं. कुणी २३४५ असे देवनागरी आकडे भरले, तर `[0-9]`चा मास्क त्यांना अक्षर समजून गिळतो. माणूस बरोबर लिहितोय आणि रकाना रिकामाच राहतोय, याहून वाईट अनुभव फॉर्म देऊ शकत नाही.

यावर उपाय सोपा आहे. टाइप करताना अडवू नका, `maxlength` सैल ठेवा, जे येईल ते घ्या आणि नंतर साफ करा:

```js
const digits = raw
  .replace(/[०-९]/g, d => d.charCodeAt(0) - 0x0966)
  .replace(/\D/g, '');
```

पहिली पायरी देवनागरी आकडे बदलते, दुसरी मोकळ्या जागा, आडव्या रेघा आणि ‘+’ काढून टाकते. त्यानंतर 12 आकडे उरले की पुढची तपासणी करा. मोबाइल क्रमांकात सुरुवातीला 91 असलेले 12 किंवा 0 असलेले 11 आकडे आले, तर ती सुरुवात काढून उरलेले दहा घ्या. रकाना सोडल्यावर क्रमांक चारच्या गटांत मांडून दाखवायला हरकत नाही, कारण वाचून ताडताना गट उपयोगी पडतात. फक्त ते काम बोट चालू असताना करू नका.

तुमच्या हातात एखादा फॉर्म असेल तर आजच एक चाचणी घ्या. मराठी कीबोर्ड असलेला साधा अँड्रॉइड फोन घ्या, 2345 6789 0123 हा मजकूर मोकळ्या जागांसह चिकटवा, मग मधला एक आकडा खोडून बदला आणि शेवटी देवनागरी आकड्यांत पिनकोड भरा. यातलं एकही अडलं, तर मास्क काढून टाका आणि साफसफाई सर्व्हरवर न्या.