‘घसरून पडला’ हे नेमकं कुणी पाहिलं?

संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत ‘निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवा’ हे वाक्य हमखास असतं. वाचताना ते पटतं, पण लिहायला बसलं की दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. म्हणून आज एकच छोटं वर्णन घेऊन ते उसवून बघू.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शहादा-नवापूर पट्ट्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत. गळीत हंगामात मिल विभागातली जमीन सहसा कोरडी नसते. कुठे रस सांडतो, कुठे पाइप लावून धुतात. अशाच एका कारखान्यातला प्रसंग मी समजावण्यासाठी रचला आहे. रात्रपाळीत रसाच्या पंपाजवळ एक कामगार पडतो आणि त्याचं मनगट मोडतं. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षक लिहितो:

‘कामगार पाण्याची बादली घेऊन घाईत जात असताना लक्ष न दिल्यामुळे ओल्या फरशीवर पाय घसरून पडला.’

वाक्य साधं आहे, व्याकरण बरोबर आहे. आता यातल्या प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारा: हे कुणाला, कसं कळलं?

चौकशी केल्यावर समजा इतकंच मिळालं. जवळचा फिटर पाठ करून काम करत होता. त्याने आवाज ऐकला, वळून पाहिलं तेव्हा कामगार उताणा पडलेला होता, उजवा हात अंगाखाली होता. बादली शेजारी आडवी होती. पंपापासून साधारण दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद एवढी जागा ओली होती. कामगार म्हणाला, ‘पाय सटकला, पुढचं कळलं नाही.’

म्हणजे पडताना कुणीच पाहिलं नाही. ‘घाईत’ हे कुणी पाहिलेलं नाही. ‘लक्ष न दिल्यामुळे’ हे तर बाहेरून दिसूच शकत नाही, ते दुसऱ्याच्या मनाबद्दलचं विधान आहे. ‘पाय घसरला’ हे कामगाराचं सांगणं आहे. ते महत्त्वाचं आहेच, पण नोंदवायचं ते ‘कामगाराने असं सांगितलं’ म्हणून. शक्यतो त्याच्याच शब्दांत, आणि तो अहिराणीत किंवा मावचीत बोलला असेल तर आधी त्याच भाषेत. मराठी भाषांतर नंतर, वेगळ्या ओळीत. कारण ‘सटकला’चं ‘घसरला’ करताना आपणही थोडा अर्थ बदलतोच.

इथे मराठीची एक खोड लक्षात घ्या. ‘घसरून पडला’ यातला ‘-ऊन’ दोन कामं एकदम करतो. आधी घसरला, मग पडला हा क्रम सांगतो, आणि घसरला म्हणून पडला हे कारणही गुपचूप आत सरकवतो. ‘-मुळे’ आणि ‘म्हणून’ निदान उघडपणे कारण सांगतात, त्यामुळे ते पकडता येतात. ‘-ऊन’ निसटतो. पहिला मसुदा झाला की असे सगळे ‘-ऊन’ अधोरेखित करा आणि वाक्य तोडून बघा. तोडल्यावर मधल्या दुव्याला साक्षीदार उरला नाही, तर तो दुवा तुम्ही जोडलेला आहे.

आता सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा शब्द घ्या: ‘ओल्या फरशीवर’. फरशी ओली होती हे फिटरने पाहिलं. पण कधी? पडल्यानंतर. आणि कामगाराच्या हातात पाण्याची बादली होती! मग फरशी ओली होती म्हणून तो पडला, की तो पडला म्हणून फरशी ओली झाली?

हा शब्दच्छल नाही. साधा हिशोब करू. ओली जागा 2 × 1.5 म्हणजे 3 चौरस मीटर. पाण्याचा थर सुमारे 1 मिलिमीटर धरला, तर पाणी झालं 3 लिटर. बादली 10 लिटरची असेल, तर ती अर्धी भरलेली असली तरी तेवढं पाणी सहज सांडेल. म्हणजे सगळा ओलावा एकट्या बादलीने समजावता येतो. तसंच झालं असं याने सिद्ध होत नाही, पण ‘फरशी आधीपासून ओली होती’ हे आता गृहीतक ठरतं. आणि गृहीतक तपासता येतं.

कसं? पंपाच्या सीलमधून गळेल तो उसाचा रस, बादलीतलं असेल ते साधं पाणी. जमिनीवरचं थोडं द्रव बाटलीत घेऊन कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बघितला, तर साध्या पाण्याचं वाचन शून्याच्या आसपास येतं आणि रसाचं स्पष्टपणे वर जातं. शिवाय आधीपासून सांडलेल्या रसाची कड वाळून चिकट होते. ताज्या पाण्याला अशी कड नसते. मर्यादाही ओळखा. दोन्ही मिसळलेलं निघालं तर तिथे रस होता एवढं कळतं, पण आधी काय होतं हे फक्त ब्रिक्सवरून सांगता येत नाही. तिथे वाळलेली कड किंवा आधीच्या पाळीतल्या माणसाचं सांगणं उपयोगी पडतं. आणि हे सगळं जागा धुण्याआधीच करावं लागतं. धुतल्यावर पुरावा गटारात जातो.

उताणा पडला यावरून घसरलाच असेल का? चालताना टाच टेकवल्यावर पाय पुढे सरकला, तर माणूस बहुधा मागे पडतो. ठेच लागली तर बहुधा पुढे. त्यामुळे उताणं पडणं घसरण्याशी जुळतं. पण चक्कर आली तरी माणूस मागे पडू शकतो. म्हणून ‘जुळतं’ लिहा, ‘सिद्ध होतं’ लिहू नका.

विचारतानाही जपा. 1974 साली लॉफ्टस आणि पामर यांनी लोकांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात ‘आदळल्या’सारखं जोरदार क्रियापद असलं, की लोक सौम्य क्रियापदाच्या तुलनेत वेग जास्त सांगत. म्हणून ‘कुठे घसरलास?’ असं विचारू नका. ‘काय झालं ते सांगा’ म्हणा आणि थांबा.

आता तेच वर्णन पुन्हा लिहू.

‘पडताना कुणी पाहिलं नाही. फिटरने आवाज ऐकून वळून पाहिलं, तेव्हा कामगार उताणा होता, बादली आडवी होती, पंपालगत सुमारे 3 चौरस मीटर जागा ओली होती. पाय सटकला असं कामगार सांगतो. जागा पडण्याआधी ओली होती का, हे ठरलेलं नाही. अनुमान: घसरला असावा. पर्यायी शक्यता: चक्कर. ओलाव्याचे संभाव्य उगम: पंपाची गळती, बादली.’

या वर्णनात अनुमान आहे, पण त्याला वेगळी जागा आणि नाव आहे. पहिल्या वर्णनाचा शेवट ठरलेला होता: कामगाराला समज द्या, फाइल बंद. दुसऱ्या वर्णनानंतर कुणाला तरी पंपाचं सील बघावंच लागतं. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 11 मध्ये, उत्पादन प्रक्रियेमुळे जमीन ओली होत असेल तर निचऱ्याची सोय करण्याची तरतूद होती. पण तो प्रश्न उभा राहायला आधी ‘पाणी कुठून आलं?’ हे कुणीतरी विचारलेलं असावं लागतं. ‘लक्ष न दिल्यामुळे’ लिहिलं, की ते कुणी विचारतच नाही. आणि सील खरंच गळत असेल, तर पुढच्या रात्रपाळीत त्याच जागेवरून दुसरा कुणी चालत जातो.