नकार देणाऱ्यालाच विचारा

चाकणच्या एका मध्यम आकाराच्या डायकास्टिंग कारखान्याला टूलरूमचा प्रमुख हवाय, असं समजा. चौघांच्या मुलाखती झाल्या आणि नाशिकचा एक जण पसंत पडला. ॲल्युमिनियम डायला का चिकटतं, इजेक्टर पिन सारखी का तुटते, हे तो सांगू लागला तेव्हा प्लँट हेडने वही काढून टिपणं घेतली. ऑफर गेली, त्याने होकार कळवला. मग तीन महिन्यांचा नोटीस पिरियड सुरू झाला. राजीनामा हातात पडताच जुन्या कंपनीने पगार वाढवला आणि एका संध्याकाळी मेल आला: घरगुती कारणामुळे जॉइन होता येत नाही.

एचआरमध्ये अशा माणसाबद्दल चार शब्द बोलले जातात, फाइल बंद होते आणि पोर्टलवर पुन्हा तीच जाहिरात लागते. कंपनीने स्वतः पारखून घेतलेला जाणकार असा हातचा सोडला जातो. त्याला नोकरी नको असली, तरी त्या कामात कोणाचा हात चांगला आहे हे तो ओळखतो. आपल्या कंपनीतल्या लोकांच्या ओळखी बहुधा आपल्याच वर्तुळातल्या असतात. त्याच्या ओळखी दुसऱ्या. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटनमधल्या नोकरदारांकडे चौकशी केली, तेव्हा ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती त्यांच्यापैकी बहुतेकांचा तो ओळखीचा माणूस रोजच्या उठबशीतला नव्हता, अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा होता. १९७३ साली त्यांनी हा मुद्दा मांडला. नकार दिलेला उमेदवार कंपनीच्या दृष्टीने असाच दूरचा ओळखीचा असतो.

मात्र नकार ऐकल्या ऐकल्या त्याच फोनवर ‘मग दुसरं कोणी आहे का?’ असं विचारू नये. तो आधीच ओशाळलेला असतो आणि तोंडाला येईल ते नाव सांगून सुटका करून घेतो. दोन-चार दिवस जाऊ द्यावेत. फोनही एचआरऐवजी ज्याने मुलाखत घेतली त्याने करावा, कारण कामाबद्दलचं बोलणं त्या दोघांत झालेलं असतं.

आधी नकाराचं खरं कारण काढायचं. ‘आता ऑफर बदलून देण्यासाठी विचारत नाही, पुढच्या माणसासाठी विचारतोय,’ असं सांगितलं की बरेच जण मोकळे होतात. कारण नाशिक सोडायचं नाही एवढंच असेल, तर पुढे विचारण्यात अर्थ आहे. पण ‘रविवारीही फोन येणार असं मुलाखतीतच कळलं’ असं उत्तर आलं, तर नावं मागणं थांबवून आधी तो प्रकार निस्तरलेला बरा. नाहीतर तो पाठवेल तो दुसरा माणूसही त्याच कारणाने नाही म्हणेल.

प्रश्न कसा विचारायचा याला फार महत्त्व आहे. ‘कोणी असेल तर सांगा’ म्हटलं की सध्या रिकामा असलेला मावसभाऊ पुढे येतो. त्याऐवजी ‘डायचं काम अडलं की तुम्ही स्वतः कोणाला फोन लावता?’ असं विचारून पाहा. या प्रश्नाला नोकरी शोधत असलेल्याचं नाव सहसा येत नाही. ज्याचं काम सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय त्याचं येतं. नाव आलं की त्याचं कोणतं काम पाहिलं ते विचारावं. ‘माणूस फार चांगला आहे’ यापलीकडे उत्तर जात नसेल, तर ती शिफारस बाजूला ठेवावी.

सध्याच्या सहकाऱ्यांची नावं मागणं टाळावं. कंपनीतली माणसं फोडणार नाही, असं अनेकांच्या करारात लिहिलेलं असतं, आणि तसं नसलं तरी त्याची अडचण होते. जुन्या नोकरीतल्या लोकांबद्दल विचारलं की तो निर्धास्त बोलतो. परस्पर फोन नंबरही घेऊ नये. कामाचं स्वरूप, ठिकाण आणि पगाराचा पल्ला चार ओळींत लिहून द्यावा. तो पुढे पाठवेल, आणि ज्याला रस असेल तो स्वतः संपर्क करेल. पगाराचा आकडा लपवला तर हा निरोप बहुधा पुढे जातच नाही.

बक्षीस द्यावं का? कर्मचाऱ्यांना रेफरल बोनस मिळतो, पण बाहेरच्याला पैसे देऊ केले की तो एजंट होतो आणि नावं वाढत जातात. माझं मत, देऊ नयेत.

एक धोका राहतोच. माणूस आपल्यासारखीच माणसं सुचवतो; त्याच कॉलेजची, त्याच गावची, बहुतेकदा पुरुषच. म्हणून जाहिरात चालू ठेवायची, आणि शिफारशीने आलेल्यालाही डाय चिकटण्याचे तेच प्रश्न, त्याच टेबलावर विचारायचे. निवड होवो न होवो, नाशिकला एक फोन करून काय झालं ते कळवायचं. ते राहून गेलं, तर त्या माणसाकडून दुसरं नाव यायचं नाही.